बारा तारखेनंतर न चावणारे साप

माझ्या नातवंडांना वाटतं, आजी गोड आहे. त्यांचा हा गैरसमज मी जपून ठेवला आहे. खरं सांगायचं तर मी डूख धरणारी बाई आहे. कोणी मला चारचौघांत खाली बघायला लावलं तर मी हसते, चहा विचारते आणि मनात त्याचं नाव लिहून ठेवते. एकदा मी असा सूड घ्यायचं ठरवलं आणि त्या नादात आठ दिवस गप्प बसले. ते आठ दिवस मला अजून खुपतात.

नाशिकमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी रेकॉर्ड सांभाळायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. केस रंगवलेले, चष्म्याला साखळी आणि अंगात केवढा तोरा! साठीला टेकले होते, तरी आपल्यावाचून दवाखान्याचं पान हलत नाही असं मला वाटायचं. आमचं एक लहान केंद्र पेठच्या पुढे, डोंगरात होतं. तिथे एक सिस्टर, दोन खाटा, एक फ्रीज आणि त्या फ्रीजमध्ये सापाच्या विषावरच्या औषधाच्या कुप्या. पावसाळ्यात भाताची लावणी सुरू झाली की तिथे सर्पदंशाचे रुग्ण यायचे. म्हणून जूनमध्ये शहरातून जादा कुप्या आणि एक जादा नर्स जायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

मग नवे साहेब आले. पुण्याहून आलेले, पस्तिशीचे, शर्टाला इस्त्री अशी की कोपर वाकवताना त्यांनाच भीती वाटावी. त्यांनी मागच्या वर्षाची सर्पदंशाची यादी माझ्याकडून मागून घेतली आणि महिनावार अहवाल तयार केला. जूनच्या बैठकीत तो भिंतीवर दाखवला. शहरातल्या रुग्णांचे खांब जुलै-ऑगस्टमध्ये उंच. डोंगरातल्या केंद्राचे मात्र बाराही महिने सारखेच बुटके, कापलेल्या मेंदीच्या कुंपणासारखे.

"म्हणजे तिथे पावसाळ्यात विशेष काही होत नाही," साहेब म्हणाले. "जादा नर्स नको. गेलेल्या जादा कुप्याही परत इथे मागवू. सिस्टर जरा वाढवून सांगत असाव्यात."

मी म्हटलं, "साहेब, ऑगस्टमध्ये तिथे जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात. मला चांगलं आठवतं."

"काकू, दवाखाना आठवणीवर नाही, आकड्यांवर चालतो." मग सगळ्यांकडे बघून हसत म्हणाले, "आठवणी घरी नातवंडांना सांगा."

सगळे हसले. फार्मसीवाला तर टेबलावर हात आपटून हसला. मीही हसले आणि साहेबांचं नाव लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची फाइल उघडली. चूक सापडावी म्हणून नव्हे, त्यांना पकडावं म्हणून. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो मला तेव्हा कळत नव्हता. त्यांनी यादीत एक नवा रकाना केला होता, "महिना" नावाचा. तारखेतलं चौथं आणि पाचवं अक्षर उचलायचं, तोच महिना. 25/08 लिहिलं असेल तर 08, म्हणजे ऑगस्ट. शहराच्या तारखांना हे चपखल बसत होतं, कारण त्या मी स्वतः, दिवस आधी आणि महिना नंतर, अशा टाइप केलेल्या.

मी नुसत्या डोंगरातल्या केंद्राच्या आणि नुसत्या ऑगस्टच्या ओळी गाळून काढल्या. 02/08, 06/08, 07/08, 09/08. मोजकीच माणसं. मग जुलै काढला, मग सप्टेंबर. तिसऱ्यांदा बघताना माझ्या लक्षात आलं. कुठल्याच महिन्यात बारा तारखेनंतर एकही माणूस नव्हता! तेरा नाही, वीस नाही, एकतीस नाही. म्हटलं, हे साप काय महिन्याच्या बारा तारखेला बिळात जाऊन झोपतात?

गाळणी काढून मूळ यादी पाहिली तेव्हा उलगडा झाला. त्यात 08/25 होतं. 07/19 होतं. डोंगरातल्या केंद्राचा कॉम्प्युटर महिना आधी लिहीत होता आणि दिवस नंतर, आणि त्यांची यादी आमच्या यादीत तशीच चिकटवली जायची. साहेबांच्या सूत्राने चौथं-पाचवं अक्षर म्हणून दिवस उचलला आणि त्यालाच महिना समजलं. पंचवीस नंबरचा महिना बारा खांबांत बसेना, म्हणून तो माणूस अहवालातून गळाला. उरलेले दिवसाच्या आकड्याप्रमाणे भलत्याच महिन्यांत जाऊन बसले. केंद्राचं मागच्या वर्षाचं रजिस्टर माझ्याच कपाटात होतं. ताडून पाहिलं. अहवालातल्या ऑगस्टमध्ये जे होते ते सगळे वेगवेगळ्या महिन्यांच्या आठ तारखेला आलेले. निम्म्याहून जास्त माणसं कुठेच नव्हती. तरी तळाची बेरीज बरोबर दिसत होती, कारण ती बारा खांबांचीच बेरीज होती.

त्या क्षणी उठून साहेबांच्या केबिनमध्ये जायचं होतं. शहाण्या बाईने तेच केलं असतं.

मी मात्र फाइल मिटली आणि कॅलेंडर बघितलं. आठ दिवसांनी विश्वस्तांची बैठक होती. तिथे साहेब हाच अहवाल दाखवणार, सगळे माना डोलावणार आणि मग मी उभी राहणार. वाक्यसुद्धा ठरवलं: "साहेब, तुमचे साप पंचांग बघून चावतात का?" घरी भाजी चिरताना ते वाक्य मी चार सुरांत म्हणून बघितलं. बैठकीसाठी मोरपंखी साडी इस्त्रीला टाकली. सूड घ्यायला जाताना कोणती साडी नेसावी याचा विचार करणारी बाई मला आज भेटली तर मी तिच्या पाठीत धपाटा घालीन.

बैठकीच्या दिवशी सकाळी, मी साडीच्या निऱ्या काढत असताना, सिस्टरचा फोन आला. डोंगरातलीच मुलगी, कधी आवाज चढवायची नाही.

"बाई, काल जीप आलती. जादा कुप्यांचं खोकं घेऊन गेले. वरून हुकूम हाय म्हणाले."

"सगळं खोकं?"

"चारच ठेवल्या. एका माणसाला पुरायच्या नाय. लावणी चालू हाय, बाई. आज कोणी आला तर मी काय करू, ते तेवढं सांगा."

आठ दिवस माझ्याकडे उत्तर होतं आणि मी ते साडीबरोबर इस्त्रीला टाकलं होतं.

निऱ्या तशाच खोचून रिक्षाने दवाखाना गाठला. विश्वस्त दुपारी येणार होते. मी साहेबांच्या केबिनमध्ये न विचारता शिरले आणि रजिस्टर त्यांच्या चहाच्या कपाला धडकवलं.

"साहेब, तुमच्या अहवालात डोंगरातले साप बारा तारखेनंतर चावत नाहीत. का, ते जरा बघा."

प्रेक्षक म्हणून फक्त एक कूलर होता. तरी त्यांचा चेहरा बघायची मजा मी सोडली नाही. आधी कपाळाला आठी, मग यादी, मग रजिस्टर, मग पुन्हा यादी. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इस्त्रीचा शर्ट काखेत भिजला. अगदी मनासारखं झालं, खोटं कशाला बोलू?

मग त्यांनी विचारलं, "पण काकू, 25/08 आणि 08/25 दोन्ही तारखा असू शकत नाहीत, म्हणून कॉम्प्युटरने इशारा द्यायला हवा होता. निदान अशा ओळी वेगळ्या तरी दिसायला हव्या होत्या. हा तारखेचा रकाना 'टेक्स्ट' कोणी केला?"

आता माझ्या कानाच्या पाळ्यांची पाळी.

तो मीच केला होता. पूर्वी मी पाच ऑगस्ट टाइप केलं की कॉम्प्युटर त्याचं आठ मे करायचा. मला उलट उत्तर देणारा कॉम्प्युटर सहन होईना. मग मी तो अख्खा रकाना टेक्स्ट करून टाकला. त्यानंतर मी लिहीन ते, कोणी चिकटवेल ते, जसंच्या तसं राहू लागलं. त्याच्या लेखी ती तारीख नव्हतीच, नुसती अक्षरं होती. मी मात्र यंत्राला वळण लावल्याचं अख्ख्या दवाखान्याला सांगत फिरले.

"मी केला," मी म्हणाले. "चूक निम्मी माझी, निम्मी तुमची. पण खोकं तुम्ही उचललंत, ते तुम्हीच परत न्यायचं. स्वतः. आत्ता."

"आत्ता? दुपारी बैठक आहे काकू."

"विश्वस्तांना सांगा, आकडे दुरुस्त करायला गेलो."

त्यांनी फोन उचलून बैठक पुढे ढकलली. एवढं मानायला हवं.

जीपमध्ये बसल्यावर कुप्यांचं बर्फाचं खोकं मी त्यांच्या मांडीवर ठेवलं. मागे जागा होती, पण ठेवलं मांडीवरच. सावळ घाटाच्या तिसऱ्या वळणावर साहेब पांढरे पडले आणि जीप थांबवून त्यांनी दरीकडे तोंड केलं. मी खोकं धरून उभी राहिले आणि मला फार बरं वाटलं. चौथ्या वळणावर मलाही उतरावं लागलं. मोरपंखी साडीचा काठ त्यातच गेला. साहेबांनी पाण्याची बाटली पुढे केली.

केंद्रावर पोचलो तेव्हा सिस्टर दारातच उभी होती. आत खाटेवर एक म्हातारा, पायाला चिखल, हाताला सलाइन. तासाभरापूर्वी आलेला. चारही कुप्या देऊन झाल्या होत्या. तिने आमच्याकडे नाही, खोक्याकडे बघितलं, ते ओढून आत नेलं आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं व्हरांड्यात बाकावर बसलो. मी आठ दिवस मोजत होते. साहेब काय मोजत होते कोण जाणे.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. "उतरतंय," एवढंच म्हणाली. मी रडले. साहेब उठून नळावर तोंड धुवायला गेले आणि तिथेच बराच वेळ राहिले.

ते परत आल्यावर मी सिस्टरला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मी तवाच फोन केलता, बाई. नवा कॉम्प्युटर बसवला तवा. आमच्यात महिना आधी येतो, चालंल का, असं इचारलं होतं. तुम्ही म्हणाल्या, काही बिघडत नाय, मला कळतं."

मला तो फोन लख्ख आठवला. माझं "मला कळतं" सुद्धा आठवलं, अगदी सुरासकट.

साहेब माझ्याकडे बघत होते. हसायची हीच संधी होती आणि त्यांना ती मिळायलाच हवी होती. पण ते हसले नाहीत. त्याचा मला आजवर राग आहे.

सिस्टरने आवक रजिस्टर आमच्यासमोर उघडलं. "खोकं पोचवल्याची सही करा. दोघांनीबी. आणि तारखेत महिना अक्षरांत लिवा." पेन तिने आधी माझ्या हातात दिलं. "शाळंतल्यासारखं. मोठ्ठं."

मी लिहिलं. तिने डोळ्यांजवळ धरून वाचलं, मान हलवली आणि रजिस्टर साहेबांकडे सरकवलं.