सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच

नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यातल्या क्वालिटी विभागाचा सर्व्हर मी एकाच आठवड्यात कितीतरी वेळा पुसला. पुसणारा मीच आहे हे मला माहीत नव्हतं. उलट कोण पुसतंय ते मी शोधत होतो, आणि पहिला संशय मी क्वालिटीच्या मॅडमवर घेतला होता.

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी तेव्हा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात 'कॉम्प्युटरवाला' होतो. पंचवटीतून स्कूटर काढायची, नदी ओलांडायची, अंबडला जायचं आणि दिवसभर लोकांच्या प्रिंटरमधून कागद ओढायचे, अशी माझी कारकीर्द. तेवढ्यात मालकांनी ठरवलं की प्रत्येक विभागात एक छोटा लिनक्स सर्व्हर ठेवायचा. भागांची मापं, तपासण्या, सगळं त्यावर साठवायचं. मशिनं आली आठ. आठही अगदी एकसारखी.

आता लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, बसवायची म्हणजे बसवणारा प्रोग्राम प्रश्न विचारतो. भाषा कोणती, देश कोणता, कीबोर्ड कुठला, मशीनचं नाव काय, डिस्कचे तुकडे, म्हणजे कप्पे, कसे करू, पासवर्ड काय. एका मशीनला उत्तरं देताना माणसाला आपण महत्त्वाचे वाटतो. दुसऱ्याला देताना कंटाळा येतो. तिसऱ्याला मी चुकीचं उत्तर दिलं. तेव्हा कुठूनतरी वाचलं की सगळी उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवता येतात. प्रोग्राम प्रश्न विचारायच्या ऐवजी फाइल वाचतो आणि पुढे जातो. मला तर आळशी माणसासाठी कोणीतरी देव घडवलाय असं वाटलं.

माझ्या टेबलाखाली एक जुनं मशीन ठेवलं. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. कोणतंही नवं मशीन नेटवर्कवरून सुरू झालं की त्याला आधी बसवणारा प्रोग्राम आणि मग ती उत्तरांची फाइल पुरवायची, एवढंच त्याचं काम. मी त्याला 'आचारी' म्हणायचो.

पहिले दोन दिवस आचाऱ्याने मला वेड लावलं. फाइलमध्ये देश लिहिलाय, कीबोर्ड लिहिलाय, तरी प्रोग्राम ते विचारतोच. मी फाइल पुन्हा लिहिली. नवीन फाइल केली. जुनी पुसली. तरी विचारतोच. मग उलगडलं. फाइल नेटवर्कवरून येणार, आणि हे प्रश्न नेटवर्क सुरू होण्याआधीचे. फाइल हातात पडायच्या आधी तो बिचारा ती वाचणार कुठून? ती उत्तरं मशीन सुरू होताना त्याला मिळणाऱ्या हुकुमाच्या ओळीतच द्यावी लागली. एवढं साधं कळायला दोन दिवस लागले, यावरून पुढे काय होणार याचा अंदाज मला यायला हवा होता.

त्यानंतर मला हुशारीचा ताप चढला. डिस्कचे तुकडे पाडले की तिच्यावरचं आधीचं सगळं जातं, म्हणून प्रोग्राम शेवटी एकदा विचारतो, 'हे बदल डिस्कवर लिहू का?' मी फाइलमध्ये लिहून टाकलं: हो. काम संपल्यावर मशीन आपोआप बंद व्हावं, म्हणजे मला लांबूनच कळेल, तेही लिहिलं. आठही मशिनांना सांगितलं, आधी नेटवर्कवर बघ, तिथे कोणी भेटलं नाही तर स्वतःच्या डिस्कवर जा. आणि आचाऱ्याला सांगितलं, लाईट गेली आणि परत आली की तू आपणहून सुरू हो, कारण लाईट जायची आणि मला सारखं टेबलाखाली रांगावं लागायचं.

आठ मशिनं एका सकाळी तयार झाली. मी मधोमध उभा राहून हात मागे बांधले. वर्क्स मॅनेजर आले, म्हणाले, "तुम्ही काय करताय?"

"काही नाही. आपोआप होतंय."

"मग तुम्ही कशाला हायत?"

माणूस सिन्नरकडचा. त्यांचे प्रश्न कुठल्याच फाइलमध्ये बसत नसत.

मशिनं विभागांत पोचवल्यावर मी प्रत्येकाकडे जाऊन 'आधी नेटवर्क' बदलून 'आधी डिस्क' करत गेलो. शेवटी क्वालिटीच्या खोलीत पोचलो. तिथे मॅडमनी घरचा चिवडा पुढे केला. मी बसलो, खाल्ला, चिवड्यात खोबऱ्याचे काप मोठे होते त्याचं कौतुक केलं, हात पुसले आणि निघून आलो. आचारी बंद केला. काम फत्ते.

मॅडम म्हणजे पन्नाशीच्या बाई, मापाच्या बाबतीत कडक. मशीनवरच्या पोरांनी पास केलेला भाग त्या पुन्हा मोजायच्या. बरीच वर्षं मदतनीस राहून त्या नुकत्याच विभागप्रमुख झाल्या होत्या, आणि महिनाअखेरीला पुण्याहून मोठ्या ग्राहकाची माणसं तपासणीला येणार होती. महिनाभराची मापं दाखवता आली नाहीत तर काम दुसरीकडे जाणार, आणि 'बाईला जमलं नाही' असं म्हणायला दोन जण तर तयारच बसलेले.

तीन आठवडे नशिबाने लाईटही गेली नाही, सगळं ठीक. मग एका साप्ताहिक सुट्टीला दिवसभर लाईट नव्हती. दुसऱ्या सकाळी मॅडमचा फोन.

"सर, हे चालू केलं की थोड्या वेळाने आपणच बंद पडतं. दोनदा झालं."

मी मशीन उचलून माझ्या टेबलावर आणलं, विजेची वायर लावली, बटण दाबलं. झकास सुरू झालं. पासवर्ड चालला, फोल्डर जागच्या जागी. फक्त फोल्डरांत काही नाही. तीन आठवड्यांची मापं गायब.

मी मॅडमकडे गेलो आणि शक्य तेवढ्या गोड आवाजात विचारलं, "तुमच्याकडून काही दाबलं गेलं का?"

"बटण दाबलं. दुसरं काय दाबणार, गळा?"

मशीन परत जागेवर ठेवलं, सगळ्या वायरी लावल्या, चालू केलं आणि चहाला गेलो. आलो तर बंद. पुन्हा माझ्या टेबलावर नेलं. तिथे उत्तम चालतं. पुन्हा क्वालिटीत. बंद. आजारी माणूस डॉक्टरसमोर बसला की खोकत नाही, तसं. मी म्हटलं, तिथला प्लग खराब. प्लग बदलला. मग म्हटलं, डिस्क गेली. डिस्क बदलली. नव्या डिस्कवर काहीच नसताना मशीन क्वालिटीत गेलं, थोड्या वेळाने बंद पडलं, आणि माझ्या टेबलावर आणल्यावर पूर्ण लिनक्ससकट सुरू झालं.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात घंटा वाजली असती. मला वाटलं, जुनीच डिस्क परत बसवली की काय? मी दोन्ही डिस्क हातात धरून बराच वेळ बघत राहिलो. एकसारख्याच दिसत होत्या. मग मी वर्क्स मॅनेजरना सांगितलं की व्हायरस असावा.

"तुम्हीच म्हणाला होता, लिनक्सला व्हायरस नसतो."

"सहसा नसतो."

"मग ह्यो सहसातला नाय का?"

मॅडम मात्र माझ्यासारखं इकडे-तिकडे बघत नव्हत्या. मधल्या एका दिवशी मशीन माझ्या टेबलावर असताना त्यांनी तिथे बसून पुन्हा भरलेली मापंही गेली होती. त्यांनी मला खोलीत बोलावलं, स्टूल पुढे ओढलं.

"बसा इथे. चालू करा. आणि उठायचं नाही."

"मॅडम, सुरू व्हायला वेळ लागतो, तोवर मी..."

"चहा नाही. माप घेताना आम्ही काटा हलायचा थांबेपर्यंत बघतो. तुम्ही एकदा तरी शेवटपर्यंत बघितलंय का?"

नव्हतं बघितलं. बटण दाबायचं आणि चहाला जायचं, ही माझी पद्धत. तेच तर मी कमावलं होतं.

बसलो. आधी काळी पाटी, नेटवर्क शोधतोय अशी ओळ. मग एक पत्ता मिळाला. मग निळा पडदा. त्यावर पट्टी सरकत होती. डिस्कचे तुकडे पडले, कोणी काही विचारलं नाही. मशीनने स्वतःचं नाव घेतलं. लिनक्सच्या प्रोग्रामांची पॅकेजं उतरायला लागली. मी ते सगळं ओळखत होतो. माझीच फाइल वाचली जात होती. पण फाइल तर आचाऱ्याकडे, आणि आचारी बंद.

मग मला पाय आठवले. थंडीचे दिवस, नाशिकची थंडी, आणि गेला आठवडाभर टेबलाखाली माझे पाय छान उबदार होते. मी त्याचं श्रेय बायकोने विणलेल्या मोज्यांना देऊन घरी तिचं कौतुकही केलं होतं.

मी धावत ऑफिसात गेलो, वाकलो. टेबलाखाली हिरवा दिवा. सुट्टीच्या दिवशी लाईट गेली आणि आली, तेव्हा माझ्याच हुकुमाप्रमाणे आचारी उठला होता. सात मशिनं आधी स्वतःच्या डिस्ककडे बघत होती. आठवं, चिवड्याच्या नादात मी बदलायचं विसरलो ते, दरवेळी आधी आचाऱ्याकडे जात होतं. आचारी त्याला पुसून नवं करून, बंद करून परत पाठवत होता. आणि माझ्या टेबलावर मी नेटवर्कची वायर लावत नव्हतो, म्हणून तिथे ते डिस्कवरून सुरळीत चालत होतं. हे सगळं आचाऱ्यापासून हातभर अंतरावर.

सगळं सांगितल्यावर मॅडम रागावल्या नाहीत. ते जास्त वाईट. त्यांनी कपाटातून जपून ठेवलेल्या नमुन्याच्या भागांचे खोके काढले. प्रत्येक लॉटमधला थोडा माल त्या राखून ठेवायच्या. पुढचे दिवस त्या भाग मोजत होत्या आणि मी शेजारी बसून आकडे भरत होतो. एकदा मी दशांश चिन्ह चुकवलं तर त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, मी आपोआप दुरुस्त केलं. पुण्याची माणसं आली, मापं बघितली, काही भाग स्वतः मोजून ताडून बघितले, मान डोलावली आणि जेवायला गेली.

ती गेल्यावर मॅडमनी आधी सगळ्या मापांची सीडी माझ्याकडून करून घेतली, पर्समध्ये टाकली. मग मी म्हटलं, आता पुन्हा असं होणार नाही, दाखवतो. फाइलमधली ती 'हो'ची ओळ मी काढून टाकली होती. त्यांच्या मशीनला मुद्दाम नेटवर्कवरून सुरू केलं. निळा पडदा आला, पट्टी सरकली, आणि तुकडे पाडण्याआधी प्रोग्राम थांबला. 'हे बदल डिस्कवर लिहू का?' खाली दोन पर्याय, हो आणि नाही. खूण 'नाही'वर.

"बघा," मी म्हटलं, "आता विचारतो." आणि सवयीने माझं बोट 'हो'कडे जायच्या बाणाच्या कळीवर गेलं.

मॅडमनी स्टीलची पट्टी माझ्या मनगटावर आडवी धरली.

"हात खिशात ठेवा, सर. तुम्ही न विचारता हो म्हणता, आणि विचारलं तरी हो म्हणता."