चाखल्याबिगर तोलणं नाही

भंडाऱ्याच्या बाजारातल्या टेकचंद मिठाईवाल्यांचा एक नेम होता. गिऱ्हाईक कोणीही असो, आधी त्याच्या तळहातावर पेढ्याचा तुकडा ठेवायचा, मगच तराजूला हात लावायचा. "चाखल्याबिगर तोलणं नाही," म्हणायचे. बायको राधाबाई म्हणायची, "असंच वाटत बसा, घरी खायले उरणार नाही." ते हसायचे अन् पुढच्याच्या हातावर तुकडा ठेवायचे.

सून दामिनीनं घरपोच मिठाईचं काढलं, तेव्हा ते हो म्हणाले खरे, पण मनातून धास्तावले. माणूस दुकानात आलाच नाही, तर आपलं काम काय उरलं? सांगणार कोणाला?

केबलवर तीस सेकंदांची जाहिरात द्यायची होती. दामिनीनं कागदाच्या एका बाजूला दृश्यं लिहिली, दुसऱ्या बाजूला बोलणं. मोबाईलवर वेळ लावून मोठ्यानं वाचलं, शब्द छाटले. शेवटी पडद्यावर फोन नंबर दिसायला थोडी जागा ठेवली. बोलायचं सासऱ्यांनी, कारण गाव त्यांना ओळखायचं.

मुलगा भूपेंद्र मोबाईल धरून उभा राहिला. "शुद्ध खोव्याची, परंपरेची..." एवढं म्हणेपर्यंत टेकचंदांचा हात परातीकडे गेला अन् तुकडा भूपेंद्रच्या पुढ्यात आला. भूपेंद्रनं तो खाल्ला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. दरवेळी नंबर यायच्या आत वेळ संपायचा. दुपार अशीच गेली, भूपेंद्रचं मात्र पोट भरलं.

"बाबूजी, हात काहून हालवून राहिले?" दामिनी वैतागली.

"रिकाम्या हातानं बोलणं जमत नाही मले." मग त्यांच्या तोंडून निघूनच गेलं, "डबा जाईल गिऱ्हाइकाइच्या घरी. पण त्याइच्या हातावर तुकडा कोण ठेवन?"

दामिनी कागद घेऊन ओट्यावर बसली. परंपरा खोडली, शुद्ध खोवा खोडला. नवीन स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला काहीच बोलणं नव्हतं. नुसता सासऱ्यांचा हात तुकडा घेऊन सरळ पडद्याकडे येतो. मग ते म्हणतात, "आधी चाखा. आवडलं तरच डबा ठेवा. आमी दारावर येतो." मग नंबर. पहिल्याच खेपेला जमलं, वर वेळ उरला.

"दारावर चाखवणार कोण पण?" भूपेंद्रनं विचारलं.

"मी," टेकचंद म्हणाले.

जाहिरात लागली अन् पहिला फोन जवाहरनगरच्या क्वार्टरमधून आला, निर्मलाबाईंचा. जुनं गिऱ्हाईक. पाय मोडल्यापासून त्या बाजारात आल्याच नव्हत्या, अन् टेकचंदांना वाटायचं, बाईनं दुकान बदललं. ते मुलाच्या गाडीवर मागे बसून गेले. बाईंनी काठी टेकत दार उघडलं. डब्याकडे पाहिलंही नाही.

आधी तळहात पुढे केला.