केरबानं लिहिलेला 'सरंजामशाही'चा अर्थ

केरबा हुशार होता हे मला आवडत नव्हतं, आधीच सांगून टाकतो. त्याचा बाप गुंडा आमच्या मळ्यावर सालगडी, आणि मी मालकाचा पोरगा. कराडच्या शाळेत इंग्रजी पाचवीला आम्ही दोघं एकाच वर्गात. परीक्षेत तो वर, मी खाली. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या!

चव्वेचाळीस सालची गोष्ट. माझे आबा, हंबीरराव, माघातच गुंडाला म्हणाले, "पाडव्यापासनं पोरगं बी मळ्यावर घाल. शिकून काय दिवं लावणार हाय?" गुंडा मान खाली घालून "बरं" म्हणाला. केरबाची शाळा पाडव्यापर्यंतच, हे सगळ्या वर्गाला ठाऊक झालं.

त्याच दिवसांत आठल्ये मास्तरांनी इतिहासाच्या कठीण शब्दांची वही करायला घेतली. एकेकाला एकेक शब्द, आणि एक पान. अट एकच. वर्गातल्या कुणालाही विचारावं न लागता समजलं पाहिजे, कठीण शब्द दुसऱ्या कठीण शब्दानं सांगायचा नाही. माझ्या वाट्याला 'व्यापारवाद' आला, मी पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवून मोकळा झालो. केरबाला 'सरंजामशाही' मिळाली.

त्याच्या पहिल्या खर्ड्यात युरोपातला राजा होता, त्यानं सरदाराला दिलेली जमीन होती, आणि खाली लिहिलं होतं, 'सगळ्यात खालचा भूदास म्हणजे आपल्याकडचा सालगडी.' मी खो खो हसलो. "म्हंजे तुझा बाप आमचा भूदास की रं!" त्याचा चेहरा पडला.

मास्तरांनी पान वाचलं आणि विचारलं, "केरबा, पाडव्याला तुझे वडील काय करतात?"

"मालक नवा पटका पुढं करत्यात. बा घेतो. मग साल ठरतं."

"आणि नाही घेतला तर?"

केरबाला ते ठाऊक नव्हतं. मास्तर म्हणाले, "विचारून ये. त्याशिवाय हे पान पुरं होणार नाही."

संध्याकाळी मोटेपाशी तो बापाला विचारत होता, तिथं मीही होतो. "बा, पटका घेतला न्हाईस तर?"

"तर दुसऱ्याकडं जायाचं. साल सपलं की गडी मोकळा."

"मग बारा सालं हितंच का?"

गुंडानं बैल हाकला. मग म्हणाला, "कुणी इचारलंच न्हाई, गड्या. मी बी न्हाई." मला त्या माणसाची एवढी दया पहिल्यांदाच आली.

केरबानं पान परत लिहिलं आणि वर्गात वाचलं. ते मला अजून पाठ आहे: 'सरंजामशाहीत राजा सरदाराला जमीन देई. त्याबदली सरदार लढाईला माणसं आणी. सरदार त्यातलीच जमीन आपल्या हाताखालच्याला देई, तोही तसाच बांधलेला. सगळ्यात खाली भूदास. तो आठवड्यातले काही दिवस सरदाराच्या शेतात फुकट राबे, बाकीचे दिवस स्वतःच्या तुकड्यावर. सरदाराला त्याला जमिनीपासून तोडून एकट्याला विकता येत नसे, म्हणून तो गुलाम नव्हे. पण सरदाराला विचारल्याशिवाय त्याला गाव सोडता येत नसे, म्हणून तो मोकळाही नव्हे. आपला सालगडी गरीब असतो, पण भूदास नसतो. पाडव्याला त्याचं साल संपतं.'

वर्गात एकानंही शंका विचारली नाही. मास्तरांनी पान वहीत लावलं. माझं 'व्यापारवाद'चं पान परत आलं, आणि खरं सांगतो, ते यायलाच हवं होतं. केरबानं रात्री तेच पान बापाला वाचून दाखवलं, एकदा नाही, तीनदा. दुसऱ्या दिवशी त्यानंच मला सांगितलं.

पाडव्याला आबांनी अंगणात नेहमीप्रमाणं पटका पुढं केला. गुंडानं हात जोडले. "मालक, पोरगं शाळंत ऱ्हाऊ द्याल?"

"न्हाई म्हणून सांगितलंय न्हवं?"

"मग यंदा पटका नगं. मलकापूरला एका मळ्यावर बोलणं झालंय. तिथनं शाळा जवळ हाय, अन पोराला कामाला घालणार न्हाईत."

आबा लालबुंद झाले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग माणसं बघताहेत हे ध्यानात येऊन मोठेपणानं म्हणाले, "जा. मी सोडलं तुला."

केरबा बापाच्या मागं उभा होता. बोलला गुंडा, आणि अगदी शांतपणे बोलला.

"आवं मालक, तुमी सोडायचं काय त्यात? साल सपलंय. मी मोकळाच हाय."