सोजरबाईच्या जागेवर अंबूबाई

यशोदाबाईंनी कामाला लावलेल्या सोजरबाईला पहिल्यांदा नीट पाहिलं ते मोरीत. चिंचवडला बिऱ्हाड करून आठवडाही झाला नव्हता. करपलेली कढई उजेडात धरून सोजरबाई म्हणाली, "वहिनी, हिला राख न्हाई, चिंच लागंल." भांड्याबद्दल असं बोलणारी बाई यशोदाबाईंना लगेच आवडली.

तीन वर्षांनी, चौऱ्याहत्तरच्या दिवाळीआधी, माळ्यावरचे डबे काढताना सोजरबाई स्टुलावरून पडली. स्टुलाचा एक पाय निखळला होता. यशोदाबाईंनीच तो सुतळीने बांधला होता आणि सांगायचं विसरल्या होत्या. मनगट बघता बघता सुजलं.

"दादल्याच्या कंपनीचं दवाखान्याचं कार्ड हाय," सोजरबाई कण्हत म्हणाली. "दवाखान्यात जाते. नळावर घसरले म्हणून सांगते, तुमच्यावर आळ कशाला?"

गुरुवार होता, कंपनीची सुट्टी. यशोदाबाईंचे यजमान अर्जुनराव घरीच होते. कंपनीत ते कामगारांच्या अपघातांचेच कागद बघत.

"कार्ड राहू द्या. तुम्ही आमच्या स्टुलावरून पडलात."

"मालकानं खर्च द्यावा, असा कायदा हाय का, साहेब?"

"नाही. तो कारखान्याला आहे, घरकामाला नाही. म्हणून आमची जबाबदारी सुटते होय?"

त्यांनी तिला रिक्षाने हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. खर्च आमचा, पगारही चालू, असं ते वाटेतच सांगून मोकळे झाले. यशोदाबाईंनी तेवढ्यापुरती शेजारच्या आळीतली अंबूबाई बोलावली.

चौथ्या दिवशी सकाळी मोरीत आवाज आला. अंबूबाई यायच्या आत सोजरबाई, प्लास्टरचा हात पदरात गुंडाळून, एका हाताने ताटं घासत बसली होती.

"अहो, पगार चालू आहे म्हटलं ना? मग कशाला आलात?"

"पगाराचं न्हाई, वहिनी. बदलीची बाई एकदा हाताला लागली, की पयलीला कोण बोलावतंय? दोन घरं गेलीत माझी अशी, बाळंतपणात."

पगाराचं सांगितलं होतं, जागेचं कुणी बोललंच नव्हतं. तेवढ्यात अंबूबाई दारात येऊन उभी राहिली. यशोदाबाईंनी मग दोघींना समोरासमोरच सांगितलं, "कंपनीत बदली कामगार असतो ना, तसं समजा. प्लास्टर निघेपर्यंत अंबूबाई. जागा सोजरबाईंची."

"घे बाई तुझी जागा," अंबूबाई पदर खोचत म्हणाली. "माझी तीन घरं हायेत. हितं तर माणसं तीन अन् भांडी तेराजणांची."

सोजरबाई हसली. हात धुऊन भिंतीला टेकली आणि त्या घरात पहिल्यांदाच आपणहून म्हणाली, "वहिनी, च्या टाका वाईच."

ते स्टूल यशोदाबाईंनी त्याच दिवशी फोडून बंबात घातलं. प्लास्टर निघाल्यावर सोजरबाई परत कामाला लागली, आणि पुढे सात वर्षांनी सोडलं ते तिच्या मर्जीने. हल्ली ती पुनावळ्याला लेकाकडे असते. तिने दोन शेळ्या पाळल्या आहेत.