सोमवारचा बंद भाव

शनिवार-रविवारी खंडाळ्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि नेमके तेच दोन दिवस आदिनाथ भाऊंशी कुणी बोलत नाही. मीही नाही. मी हॉटेलात रिसेप्शनला असतो. त्या दोन दिवसांत माझी घरी फक्त झोपायला फेरी होते. भाऊ माझ्याच मजल्यावर, शेजारच्या खोलीत राहतात. मूळचे टाकवे बुद्रुकचे, लग्न केलं नाही, घाटात गाड्यांना मागून रेटणाऱ्या इंजिनांवर चौतीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर गावी न जाता इथेच राहिले. का, तर म्हणे गावातले लोक फार चौकशा करतात. इथे कुणीच करत नाही, ही त्यांची सोय झाली आणि पुढे तीच अडचणही झाली.

त्यांची भाची कोमल नाशिकला एका दवाखान्यात नर्स आहे. लोणावळ्याच्या कॉलेजात शिकताना दोन वर्षं ती भाऊंकडेच होती. तिच्या डब्यासाठी भाऊ पोळ्या लाटायला शिकले, आणि त्या कशा वेड्यावाकड्या व्हायच्या हे ते आजही कौतुकाने सांगतात. तिचं लग्न झालं आणि फोन कमी होत गेले. आधी आठवड्याला, मग सणावाराला. यात तिची चूक काढायला मी फार प्रयत्न केला, पण सापडली नाही. मी तरी माझ्या मामाला कधी फोन केलाय?

मग शेअर बाजार मध्ये आला. भाऊ रोज दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला की मोबाइलवरून भाव बघायचे आणि आलेखाच्या वहीत त्या दिवसाची कॅन्डल हाताने काढायचे: उघडल्या आणि बंद झाल्या भावांमधलं जाड अंग, दिवसभरात भाव जिथवर जाऊन आला तिथवर बारीक दांडा, आणि दिवस पडीचा असला तर अंग लाल. मोबाइलवर सगळं आयतं दिसत असताना हा उद्योग कशाला, असं मी चिडवलं तर म्हणायचे, "हातानं काढलं की डोक्यात ऱ्हातं."

कोमलला भाड्याच्या घरातून सुटायचं होतं. साठवलेले पैसे तिने मामांच्या भरवशावर पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत लावायचे ठरवले. शेअर तेव्हा दोन महिने नुसता पडत होता. एक दिवस तो दुपारी खूप खाली गेला आणि बंद होता होता जवळजवळ सगळा वर आला. वहीत वरच्या टोकाला लहानसं अंग आणि खाली लांब दांडा. हा हॅमर, पडता शेअर वर वळण्याची खूण. मी म्हटलं, घ्या मग. भाऊ म्हणाले, "न्हाई. मागं मी एकदा दुपारी दोनलाच हॅमर समजून शेअर घेतलं. साडेतीनपत्तुर दांडा गिळून नुसतं लांबडं लाल अंग ऱ्हायलं. दिवस संपल्याबिगर कॅन्डल न्हाई, आन दुसऱ्या दिवसाबिगर खात्री न्हाई." दुसऱ्या दिवशी शेअर हॅमरच्या माथ्याच्या वर बंद झाला. तेव्हा कुठे कोमलने घेतला.

त्या दिवसापासून बाजार चालू असेल त्या प्रत्येक दिवशी तिचा फोन. सकाळची पाळी संपवून घरी जाताना, बसमधून, पावणेचारला. "मामा, आपला शेअर काय म्हणतोय?" मामा सांगायचे, मग सासूचे गुडघे, मुलाची शाळा, काय जेवलात, इथवर गाडी यायची. दहा-बारा मिनिटं. सात महिने शेअर चढत राहिला आणि सात महिने भाऊ पावणेचारला दाढी करून बसलेले असायचे. फोनवर दाढी दिसत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं बायको म्हणते, पण तेवढं मला जमलं.

मग एका शुक्रवारी शेअर सकाळी उसळून चारशे बत्तीसवर गेला आणि दिवसअखेर होता तिथेच, चारशे चौदाला, परत आला. भाऊंनी मला जिन्यात गाठून वही दाखवली. तळाशी चिमटीएवढं अंग, वर लांब दांडा.

"शूटिंग स्टार. हॅमरच्या उलटा, वरून खाली फिरायची खूण. एवढ्या चढीवर आलाय, तवा याला अर्थ हाय. मधीच कुटं रेंगाळताना आला असता तर सोडून दिला असता."

"कोमलला सांगितलंत?"

"सोमवारी चारशे बाराच्या खाली बंद झाला तरच खरं. बारा म्हंजी ह्याचा तळ. आत्ताच कशाला सांगू?"

नियम बरोबर होता, पण ते माझ्याकडे न बघता बोलत होते. नंतरचे दोन दिवस बाजार बंद, रस्त्यावर गाड्यांची रांग, हॉटेलात आरडाओरडा. रविवारी रात्री घरी आलो तर भाऊ वही उघडी ठेवून खुर्चीतच झोपले होते.

सोमवारी माझी सुटी. सकाळी शेअर चारशे अठरावर उघडला आणि भाऊंनी मला चहाला बोलावलं. दोन वेळा. इतकं खूश मी त्यांना क्वचित पाहिलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, पोरीचं नुकसान टळलं म्हणून खूश आहात की काय?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सुहास, हे इकलं की तिचं घराचं पैसं झालं. मग ती मला फोन कशाला करंल?"

मला राग आला, आणि कुणाचा आला तेही कळेना.

दुपारी शेअर घसरायला लागला. साडेतीनला चारशे तीन. भाऊंनी पेन्सिल घेतली, लाल कॅन्डल काढली, ताऱ्याच्या तळाखाली चांगली उतरलेली. पावणेचारला फोन वाजला.

"मामा, काय म्हणतोय?"

फोन चालू राहायला भाऊंनी एवढंच म्हटलं तरी पुरे होतं, 'अजून थांब.' मी तिथे नसतो तर म्हणाले असते का, ठाऊक नाही. माझ्यामुळे म्हणाले नाहीत असं मात्र मला वाटत नाही.

"कोमल, उद्या सकाळी समदं इकून टाक. वरून फिरलाय. खात्री झाली."

"सगळे?"

"व्हय. समदं."

तिने विकले. पुढच्या दीड महिन्यात शेअर साडेतीनशेच्याही खाली गेला. कोमलने घर घेतलं, वास्तुशांतीला भाऊंना बोलावलं, चार माणसांत "मामांमुळे झालं" म्हणाली. भाऊ जेवून त्याच दिवशी परतले. मग आठवड्याला फोन, मग पंधरा दिवसांनी, मग नाहीच. वही चालूच होती. पावणेचारची दाढीही.

परवा त्यांनी मला हाक मारली. त्याच शेअरमध्ये, त्याच घसरणीच्या तळाशी, हॅमर आला होता. मीसुद्धा ओळखला. भाऊंचे डोळे चमकत होते. "उद्या याच्या माथ्याच्या वर बंद झाला तर कोमलला सांगता यील. थोडं घे म्हणावं."

"आत्ताच करा की फोन," मी म्हटलं. "भाचीला फोन करायला कारण कशाला लागतं?"

"सात महिनं कारणानंच बोललो रं आमी. बिनकारणाचा फोन गेला तर ती घाबरंल, मामाला काय झालं म्हणून."

काल मी हॉटेलातून मुद्दाम लवकर निघालो. शेअर हॅमरच्या निम्म्यावर बंद झाला होता. भाऊंनी कॅन्डल काढून ठेवली होती.

"न्हाई गेला वर," ते म्हणाले. "खात्री न्हाई."

"म्हणून फोन करणार नाही?"

"खोटं कसं सांगू तिला?"

मोबाइल टेबलावर होता. नंबर काढलेला होता, कोमलचा. मोबाइलचा पडदा विझेपर्यंत आम्ही दोघे त्याच्याकडे बघत बसलो.