भिंतीपलीकडून शिकलेली भुर्जी

मला बघायला आले त्या दिवशी आमच्या घरात एकही मासा नव्हता. आदल्या दिवसापासून समुद्र खवळलेला, होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या आणि मालवणच्या बाजारात सुक्या बांगड्याशिवाय काही नाही. पाहुण्यांना सुकं वाढायला आई तयार होईना. शेवटी कोंबड्यांच्या खुराड्यातून अंडी आली आणि भुर्जी करायची ठरली. भुर्जी आमच्याकडे तोवर कुणी केलेली नव्हती, खाल्ली होती ती फक्त वहिनीने, तीही माहेरी कोल्हापूरला.

मुलाला मी आधीच पाहिलं होतं. पाहुणे अंगणात पाय धूत होते तेव्हा मी न्हाणीच्या दाराआडून डोळे भरून बघून घेतलं. मुंबईला गिरणीत नोकरी, कान जरा मोठे, आणि पाय धुताना त्याने आमच्या कुत्र्यालाही थोडं पाणी पाजलं. झालं, मी तिथेच भाळले. हे स्थळ हातचं गेलं असतं तर मी विहीर जवळ केली नसती, पण जेवण नक्की सोडलं असतं.

तर मुलाची आत्या म्हणाली, रांधूंदे चेडवाक, म्हणजे मला, आम्ही बघतो. आणि ती थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट मांडून बसली. वहिनी माझ्या शेजारी. तिला आधीच हसू फुटत होतं.

कांदा मी झकास परतला. खोबऱ्याच्या वाटपासाठी कांदा भाजत मोठी झालेली मुलगी, त्यात काय. मिरच्या, हळद, मसाला घातला, अंडी फोडून ओतली आणि लगेच फडक्याने कढईचे कान धरून कढई गोल गोल फिरवू लागले. माशाच्या कढीत डाव घालायचा नाही, तुकडे मोडतात, भांडं धरून हिंदकळवायचं, हे हातात इतकं मुरलेलं की डाव घ्यायचं सुचलंच नाही. वहिनी कानाशी पुटपुटली, अगं ढवळ. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

"तू मासो शिजवतंस काय अंडी?" आत्याने विचारलं.

कढईत एक जाडजूड भाकरी तयार झाली होती, तळाशी काळी. आतला कांदा तर अजून कच्चाच, कारण घाईने मी तो पाणी सुटलेला असतानाच अंडी ओतली होती. म्हणजे कांदाही झकास नव्हता. वहिनीने तोंडात पदर कोंबला आणि भिंतीकडे वळली. तिचे खांदे गदगदताना बघून मलाही हसू आवरेना. रडू येत होतं आणि हसूही, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आत्या समोर.

आमच्या कुडाच्या भिंती कौलांपर्यंत पोचत नसत. पलीकडच्या पडवीत बसलेल्या माणसाला आमचा श्वाससुद्धा ऐकू जात असे. आत्याने अंड्यांची टोपली पुढे सरकवली, पुन्हा कर म्हणाली. मी नवा कांदा तेलात टाकला. तो चरचरू लागला आणि वरून, कौलांखालून, आवाज आला.

"अजून नको. कांद्याचो आवाज बसूंदे."

पडवीत वडील खाकरले. मुंबईच्या खोलीवर हा मुलगा स्वतः रांधतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आत्याचा चेहरा पडला, तिने कपाळावर हात मारला. मी मात्र हरखून गेले. कांद्याचं पाणी आटलं, चरचर मंदावली, कडा तांबूस झाल्या, तेल बाजूला सुटलं. मसाला घातला. चुलीतली लाकडं मागे ओढली.

"आता घाला. आणि ढवळत रवा."

मी घातली. ढवळत राहिले. लाल तेलात माखलेले मऊ, पिवळे गोळे होऊ लागले आणि मी अशा हुरूपाने ढवळत होते की डाव कढईला टणटण लागत होता. वहिनी आता जमिनीवर बसून हसत होती.

आत्या उठून माझ्या जवळ आली. कढईत वाकून बघितलं, मग मला खालून वर बघितलं. मला वाटलं, आता नकार.

"तुका ह्यो पसंत आसा काय गो?" ती हळूच म्हणाली.

आमच्या गावात मुलीला असं कुणी विचारत नसे. वडील पसंत आहेत का असं आपल्याला कुणी विचारल्याचं आईने कधी सांगितलं नव्हतं, वहिनीलाही कुणी विचारलं नव्हतं. माझा डाव थांबला. कढई तापलेलीच होती, अंडी क्षणात कोरडी पडली असती.

"आसा," मी मोठ्याने म्हणाले, भिंतीपलीकडे जाईल इतकं, आणि कढई उतरवली.