लेखकाची रिकामी ओळ

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास राजारामपुरीतल्या एका चार खोल्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही दोघी शेजारी बसायचो. ती जयसिंगपूरहून रोज एसटीनं यायची आणि डब्यात माझ्यासाठी जादा भाकरी आणायची. माझं सगळं तिला माहीत होतं, तिचं सगळं मला. निदान मला तसं वाटायचं. माणूस एवढं भोळं असू नये, पण मी होते.

ब्लॉगची कल्पना तिची. तयार ब्लॉगच्या साईटी तेव्हाही फुकट मिळायच्या, पण त्यात मला मजा वाटेना. मी म्हटलं, आपण आपला करू. डेटाबेस नको, लॉगिन नको. प्रत्येक लेखाची एक साधी मजकुराची फाईल. मार्कडाऊनमध्ये लिहायचं, म्हणजे मथळ्याच्या आधी एक खूण, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे, बाकी सरळ मराठी. फाईलीच्या डोक्यावर तीन आडव्या रेघा, खाली शीर्षक, तारीख, टॅग म्हणजे विषयाची चिठ्ठी, लेखक अशा ओळी, पुन्हा तीन रेघा. या डोक्याला फ्रंट मॅटर म्हणतात. माझी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटा प्रोग्राम, फोल्डरमधल्या सगळ्या फाईली वाचायची, डोकं वेगळं काढायची, धडाचं एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरला दाखवता येईल असं पान करायची, प्रत्येक टॅगचं एक पान बनवायची आणि तारखांवरून वर्ष-महिनावार संग्रहाचं पान. तयार पानं एफटीपीनं इंटरनेटवर चढवायची, झालं. हाताने यादी लिहायची नाही. नवीन फाईल टाकली की यादी आपोआप वाढायची. वीज गेली तरी फाईली पेन ड्राईव्हवर असायच्या आणि त्या काळात वीज रोज जायची.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला रडवलं. तिचा लेख संग्रहात येईचना आणि पानावर त्या तीन रेघा नि तारीख तशीच छापून यायची. ती नोटपॅडमध्ये लिहायची आणि नोटपॅड युनिकोडमध्ये फाईल साठवताना सुरुवातीला एक न दिसणारी खूण घालायचं. स्क्रिप्टला पहिल्या जागी रेघ हवी होती, तिथं भलतंच काहीतरी. दोन दुपारी घालवून मी ती खूण काढून टाकायची ओळ लिहिली. ती म्हणाली, "माझ्या लेखाच्या डोक्यावर भूत बसलंतं व्हय?" आम्ही खूप हसलो. ते हसणं आठवलं की आजही माझा जीव जळतो.

लेखक म्हणून नाव कुणाचं घालायचं, हा प्रश्न आलाच नाही. आपल्यात तुझं-माझं काय, असं ती म्हणाली आणि मलाही ते पटलं. आमच्याकडे एका ताटात जेवणाऱ्यांनी घास मोजायचा नसतो. म्हणून मी लेखकाची ओळ मोकळी ठेवायला सुरुवात केली आणि स्क्रिप्टला सांगून ठेवलं, नाव नसेल तर सेटिंगच्या फाईलीतलं घे. सेटिंगच्या फाईलीत मी गंमत म्हणून लिहिलं होतं, 'संपादक मंडळ'. दोन पोरींचं मंडळ. प्रत्येक लेखाखाली आणि संग्रहातल्या प्रत्येक ओळीपुढे ते मोठ्या रुबाबात छापून यायचं.

ती एसटीतल्या गमती, जयसिंगपूरचा बाजार असं लिहायची. चांगलं लिहायची, खोटं का बोलू. मी अप्पांच्या कामाबद्दल लिहायची. माझे अप्पा उद्यमनगरात पॅटर्नमेकर. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा जो लाकडी नमुना वाळूत दाबतात, तो करणारे. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी अप्पांकडे वेगळी पट्टी होती. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सूतभर मोठा. लहानपणी मी ती शाळेत नेली आणि माझी भूमितीची आकृती चुकली, हेही मी लिहिलं होतं. अप्पा जेवताना सांगायचे, मी मनात टिपायची आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात फाईल करायची. अप्पांना एवढंच माहीत होतं की पोरगी कॉम्प्युटरवर काहीतरी खरडते.

त्यातली एक गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली होती. अप्पा नवखे असताना त्यांनी एका मोठ्या पंपाच्या बॉडीचा नमुना साध्या पट्टीनं मापून केला. ओतकाम लहान निघालं, अख्खा लॉट भंगारात. त्यांच्या मिस्त्रीनं मालकासमोर उभं राहून सांगितलं की माप मी दिलं. त्यांचं काम गेलं, अप्पांचं राहिलं. मिस्त्री पुन्हा मोठ्या कारखान्यात कधी लागले नाहीत. अप्पांचा आवाज ते सांगताना बसला होता. मी ती गोष्ट लिहिली. मिस्त्रींचं नाव घातलं नाही, पण 'पुढच्या गल्लीत राहायचे, एका डोळ्यानं कमी दिसायचं' असं मात्र घातलं. टॅगच्या ओळीत बाकी लेखांना 'लाकूड', 'माप' असले टॅग असायचे. याला मी नवा टॅग दिला, 'चूक'. स्क्रिप्टनं त्याचं वेगळं पान बनवलं. त्या पानावर एकच लेख. मला ते फार छान दिसलं होतं. हे वाचणार कोण, एवढाच विचार.

एका रविवारी सकाळी अप्पा टपरीवर चहाला गेले आणि पंधरा मिनिटांत परत आले. चहा न घेता. हातात पुरवणीचं पान. त्यांनी ते माझ्या पुढ्यात ठेवलं. 'संगणकावरची लेखिका' अशा मथळ्याखाली तिचा फोटो होता, तिनं नव्यानं शिवलेल्या ड्रेसमधला. शेजारी चौकटीत तिच्या 'गाजलेल्या नोंदीं'चा नमुना छापला होता. पंपाची बॉडी, साधी पट्टी, एका डोळ्यानं कमी दिसणारे मिस्त्री. शब्दन् शब्द माझा. खाली तिचं नाव.

मी कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन साईट उघडली. संग्रहाच्या पानावर प्रत्येक लेखापुढे तिचं नाव. लाकडाच्या टॅगवर तिचं नाव. मी शाळेत पट्टी नेली, त्याखालीही तिचं. एकाही लेखाच्या फाईलीला हात लावायची तिला गरजच पडली नव्हती. तिनं फक्त सेटिंगच्या फाईलीतलं 'संपादक मंडळ' खोडून स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि स्क्रिप्ट चालवली होती. एक ओळ. जिथं जिथं मी मोकळी जागा सोडली होती, तिथं तिथं माझ्याच स्क्रिप्टनं तिला नेऊन बसवलं. मला आधी हसू आलं आणि मग संताप.

सोमवारी तिला जिन्यात गाठलं. ती आधी गोंधळली, मग सावरली. "बातमीदार म्हणाला, नाव काय छापू. मंडळ-बिंडळ कसं छापायचं? मग घातलं माझं. तू कधी म्हणालीस, तुझं घाल म्हणून?"

"पट्टीचा लेख तुझा आहे? पंपाचा?"

"मी माझा म्हणाले न्हाय की. त्यानं साईटवर बघितलं. 'चूक' टॅगमधी एकच होता, त्यो त्याला आवडला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझं लग्न ठरवायलेत घरात. पेपरात नाव आलं तर जरा वजन पडतंय. तुझं काय, तुझे अप्पा कधीबी सांगतील अजून."

केसानं गळा कापणं म्हणतात, त्याचा अर्थ मला त्या जिन्यात कळला. मी तिला म्हटलं, काढ नाव. ती हो म्हणाली. त्याच आठवड्यात साईटचा पासवर्ड बदलला गेला, कारण साईटची इंटरनेटवरची जागा तिच्या चुलतभावाच्या खात्यावर होती. तिनं कंपनी सोडली. डब्यातली जादा भाकरी थांबली, आणि लाज वाटते सांगायला, पण काही दिवस मला दुपारी भूकही तिच्याच डब्याची लागायची.

मी घरी सगळं अप्पांना सांगितलं. खरं तर रडून सांगितलं. फाईली माझ्याकडे आहेत, प्रत्येक फाईलीत आता नाव घालते, माझं नाही तर तुमचं घालते, दुसरीकडे साईट काढते, म्हणजे जगाला कळेल हे कुणाचं आहे, असं सगळं. अप्पा पाटावर बसून रंध्याच्या पात्याला दगडावर धार लावत होते. त्यांनी पातं खाली ठेवलं.

"मिस्त्रीचा पोरगा काल आलता," ते म्हणाले. "पेपर घिऊन. म्हणाला, काका, तवा बाबांच्या हाताखाली तुम्हीच होता. बाबांनी आम्हाला मरेपतोर सांगितलं की माप चुकलं ते माझंच. आईबी तेच समजून गेली. तुमचं होतं व्हय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी त्याला व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार?" त्यांनी पातं परत उचललं. "तुझ्या मैत्रिणीनं तुझं न्हेलं म्हणून तू रडतीस. तू माझं न्हेलंस, तवा मला इच्यारलंतंस काय?"

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला भांडता आलं असतं. त्यानंतर जेवताना ते दूधवाल्याबद्दल बोलायचे, पाण्याबद्दल, पंचगंगेच्या पुराबद्दल. लाकडाबद्दल आणि मापाबद्दल मला एक अक्षर सांगितलं नाही. पट्टी कुठं ठेवलीय हेसुद्धा मला नंतर शोधावं लागलं.

तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही. तिचा ब्लॉग बरीच वर्षं तसाच होता, संग्रहात नवीन काही नाही, जुन्या प्रत्येक ओळीपुढे तिचं नाव. मी तो उघडायची, रागानं बघायची आणि बंद करायची. पण 'चूक'चं पान मात्र उघडवायचं नाही. ते पान तिनं बनवलं नव्हतं.

माझ्या फाईली अजून आहेत. स्क्रिप्टमधली ती ओळ मी बदलली. आता नाव नसेल तर ती कुणाचंही उसनं घेत नाही, थांबते आणि फाईलीचं नाव सांगते. माझ्या लेखांमध्ये मी माझं नाव भरलं. पट्टीच्या लेखात भरलं, लाकडाच्या लेखांत भरलं. पंपाच्या फाईलीत शीर्षक आहे, तारीख आहे, टॅग आहे. लेखकापुढे मी कधी माझं नाव लिहिलं, कधी अप्पांचं, एकदा मिस्त्रींचंही, आणि प्रत्येक वेळी पुसलं. ती फाईल काढून टाकली तर बाकीची साईट क्षणात तयार होईल, हे मला माहीत आहे. वर्षातून एखाद्या वेळी मी स्क्रिप्ट चालवते. ती त्या फाईलीपाशी येते, लेखक नाही असं सांगते आणि थांबते.